एकच शनी, बारा लग्ने

भारतीय फलज्योतिषात ग्रहाचे शुभाशुभत्व दोन वेगळ्या पायऱ्यांवर ठरते. पहिली पायरी ग्रहाच्या मूळ स्वभावाची. गुरू, शुक्र, शुक्ल पक्षातला वाढता चंद्र आणि पापग्रहाच्या संगतीत नसलेला बुध हे नैसर्गिक शुभग्रह, तर रवी, मंगळ, शनी, राहू, केतू आणि क्षीण चंद्र हे नैसर्गिक पापग्रह. ही विभागणी सर्वांसाठी सारखीच असते. दुसरी पायरी मात्र प्रत्येक कुंडलीत वेगळी निघते, कारण ती जन्मलग्नावर अवलंबून असते. लग्न बदलले की तोच ग्रह वेगळ्या स्थानांचा मालक होतो आणि त्या मालकीनुसार शुभ किंवा अशुभ ठरतो. यालाच लग्नपरत्वे शुभाशुभत्व म्हणतात. ज्या शनीचे नाव काढताच घरातली माणसे धास्तावतात, तो वृषभ आणि तूळ लग्नाला सर्वांत उपकारक ग्रह कसा मानला जातो आणि कर्क व सिंह लग्नाला तोच जाचक का ठरतो, याचे उत्तर या दुसऱ्या पायरीत आहे.

लग्न म्हणजे जन्माच्या क्षणी पूर्व क्षितिजावर उगवत असलेली राशी. पृथ्वी स्वतःभोवती फिरत असल्यामुळे चोवीस तासांत बाराही राशी एकामागून एक उगवतात आणि प्रत्येक राशी साधारण दोन तास लग्नी राहते. उगवणारी राशी कुंडलीचे पहिले स्थान होते आणि पुढच्या राशी क्रमाने दुसरे, तिसरे अशी स्थाने घेतात. ग्रह आकाशात जिथल्या तिथे असले, तरी दोन तासांनी जन्मलेल्या मुलाच्या कुंडलीत त्यांची स्थाने सरकलेली असतात आणि राशींची मालकीही त्यांच्याबरोबर सरकते. शनी हा मकर आणि कुंभ या दोन राशींचा स्वामी. मराठी पत्रिकेत घरांमध्ये राशींचे आकडे लिहिलेले असतात. त्यात १० आणि ११ हे आकडे कोणत्या स्थानांत पडले आहेत एवढे पाहिले, की त्या माणसासाठी शनीकडे कोणता कारभार आहे ते कळते. शनी स्वतः कुठे बसला आहे हा त्यानंतरचा प्रश्न.

स्थानांच्या मालकीवरून ग्रहाचा गुण ठरवण्याचे नियम पराशरांच्या नावाने चालत आलेल्या परंपरेत सांगितले आहेत. बृहत्पाराशर होराशास्त्रात प्रत्येक लग्नाचे शुभ, अशुभ आणि मारक ग्रह स्वतंत्रपणे दिले आहेत. लघुपाराशरी, म्हणजे उडुदायप्रदीप, या छोट्या ग्रंथात त्यामागची सूत्रे आटोपशीरपणे मांडली आहेत. चार-पाच नियम समजले की बाराही लग्नांचा हिशोब वाचकाला स्वतः करता येतो.

पहिले, पाचवे आणि नववे ही त्रिकोणस्थाने. त्यांचा स्वामी कोणताही ग्रह असो, तो शुभ फल देतो. तिसरे, सहावे आणि अकरावे या स्थानांना मिळून त्रिषडाय म्हणतात. त्यांचा स्वामी गुरू असला तरी अशुभाकडे झुकतो. चौथे, सातवे आणि दहावे या केंद्रस्थानांचा नियम सर्वांत वेगळा आहे. नैसर्गिक शुभग्रह केंद्राचा स्वामी झाला तर त्याचे शुभत्व ओसरते आणि पापग्रह झाला तर त्याचे पापत्व ओसरते. दुसरे आणि बारावे स्थान तटस्थ मानले आहे. त्यांचा स्वामी आपल्या दुसऱ्या राशीच्या आणि सोबतच्या ग्रहाच्या कलाने फल देतो. आठवे स्थान हे नवव्याचे, म्हणजे भाग्याचे, व्ययस्थान असल्यामुळे अष्टमेश शुभ मानला जात नाही. मात्र तोच ग्रह लग्नेशही असेल तर हा दोष उरत नाही, आणि रवी-चंद्रांना तो लागतच नाही. याशिवाय दुसरे आणि सातवे ही मारकस्थाने असल्यामुळे त्यांच्या स्वामींकडे आयुष्याच्या दृष्टीने वेगळे लक्ष दिले जाते.

यात एक बारकावा पुष्कळदा निसटतो. पापग्रह केंद्रेश झाला म्हणून तो शुभ होत नाही. त्याचे पापत्व कमी होते इतकेच. शुभ होण्यासाठी त्याच्याकडे त्रिकोणाचीही मालकी यावी लागते. केंद्र आणि त्रिकोण या दोहोंचे स्वामित्व एकाच ग्रहाकडे आले, तर त्याला योगकारक म्हणतात आणि त्याच्याकडून अधिकार, स्थैर्य व प्रतिष्ठा यांची अपेक्षा धरली जाते. कर्क आणि सिंह लग्नाला मंगळ, मकर आणि कुंभ लग्नाला शुक्र, वृषभ आणि तूळ लग्नाला शनी, अशी योगकारकांची यादी इथेच संपते. गुरू आणि बुध यांच्या बाबतीत केंद्र व त्रिकोण एकत्र येतात, पण ते फक्त लग्नेश म्हणून, आणि लग्न हे स्वतःच केंद्रही असते व त्रिकोणही.

शनीच्या बाबतीत हे सगळे इतके ठळक का दिसते, याचे कारण राशिचक्राच्या रचनेत आहे. मंगळाकडे मेष आणि वृश्चिक, शुक्राकडे वृषभ आणि तूळ, बुधाकडे मिथुन आणि कन्या, गुरूकडे धनू आणि मीन. या चौघांच्या दोन्ही राशी एकमेकींपासून दूर आहेत. दोन राशी शेजारी-शेजारी असलेला ग्रह एकटा शनी. म्हणून कोणतेही लग्न घेतले तरी शनीकडे लागोपाठची दोन स्थाने येतात. वतनदाराकडे सीमेला सीमा लागून असलेली दोन गावे असावीत तसे हे आहे. त्यातले एक सुपीक आणि दुसरे खडकाळ असू शकते, किंवा दोन्ही एकाच जातीची निघू शकतात.

आता बारा स्थानांच्या वर्तुळात लग्न सोडून केंद्र आणि त्रिकोण अगदी शेजारी येतात अशा जागा दोनच आहेत. चौथे व पाचवे ही एक, नववे व दहावे ही दुसरी. तूळ लग्नाला मकर चौथी आणि कुंभ पाचवी येते. वृषभ लग्नाला मकर नववी आणि कुंभ दहावी येते. म्हणून शनी नेमक्या याच दोन लग्नांना योगकारक होतो, तिसऱ्या कोणत्याही लग्नाला होऊ शकत नाही. ही दोन्ही लग्ने शुक्राची आहेत आणि शुक्र हा शनीचा मित्र, त्यामुळे लग्नेशाचीही त्याला साथ राहते. तूळ तर शनीची उच्च राशी, आणि तिच्या विसाव्या अंशावर तो परमोच्च मानला जातो.

कर्क आणि सिंह लग्नाला नेमके उलटे घडते. या दोन राशी चंद्राच्या आणि रवीच्या, आणि मकर व कुंभ त्यांच्या बरोबर समोर येतात. कर्क लग्नाला मकर सातवी आणि कुंभ आठवी येते, म्हणजे शनी सप्तमेश म्हणून मारक आणि अष्टमेश म्हणून अशुभ. सिंह लग्नाला मकर सहावी आणि कुंभ सातवी येते, म्हणजे रोग, ऋण आणि शत्रू यांच्या स्थानाबरोबर पुन्हा मारकत्व. दोन्ही ठिकाणी एकही त्रिकोण शनीच्या वाट्याला येत नाही. सप्तम हे केंद्र असल्यामुळे त्याचे पापत्व थोडे शमते, पण शेजारचे स्थान ती भरपाई खाऊन टाकते. त्यात रवी आणि चंद्र हे शनीचे शत्रू ग्रह, त्यामुळे लग्नेशाशीही त्याचे पटत नाही.

उरलेल्या लग्नांपैकी मिथुन आणि कन्या यांचा विचार सर्वांत अवघड आहे, कारण तिथे बरे आणि वाईट स्थान एकमेकांना चिकटून येते. मिथुन लग्नाला शनी अष्टमेश आणि भाग्येश होतो. कन्या लग्नाला तो पंचमेश आणि षष्ठेश होतो. अशा वेळी बरेच ज्योतिषी मूलत्रिकोण राशीकडे पाहतात. शनीची मूलत्रिकोण राशी कुंभ, आणि ती ज्या स्थानात पडते त्या स्थानाचा रंग शनीवर जास्त चढतो असे मानले जाते. मिथुन लग्नाला कुंभ नवव्या स्थानी येते म्हणून तिथे शनीचे भाग्येशत्व वरचढ धरतात. कन्येला ती सहाव्या स्थानी येते म्हणून तिथे झगडून, कष्टाने मिळणारे यश सांगतात. मकर आणि कुंभ लग्नाला शनी स्वतःच लग्नेश असल्यामुळे तो आपलाच असतो. वृश्चिकेला तो तृतीयेश व चतुर्थेश, धनूला द्वितीयेश व तृतीयेश, मीनेला लाभेश व व्ययेश होतो. यांपैकी कुठेही त्रिकोण नाही, त्यामुळे त्याच्याकडून आपणहून फार अपेक्षा केली जात नाही. मेषेचा प्रश्न वेगळा आहे आणि त्यावरचा मतभेद पुढे येईल.

हाच नियम शुभग्रहांनाही तितक्याच कठोरपणे लागू होतो. तूळ लग्नाला गुरू तिसऱ्या आणि सहाव्या स्थानाचा स्वामी होतो, वृषभ लग्नाला आठव्या आणि अकराव्या. म्हणजे ज्या दोन लग्नांना शनी तारतो असे म्हणतात, त्यांनाच गुरू अशुभ ठरतो. ‘गुरूची महादशा लागली, आता सगळे सुरळीत’ हे सरसकट आश्वासन या लग्नांच्या माणसाला देणे शास्त्राला धरून नाही. शनीच्या भीतीइतकाच गुरूवरचा हा भाबडा भरवसाही तपासून घ्यायला हवा.

एका कल्पित उदाहरणावरून हे सगळे एकत्र पाहता येते. १९९४ हे संपूर्ण वर्ष शनी निरयन कुंभ राशीत होता. त्या वर्षी एकाच दिवशी, एकाच गावात, चार तासांच्या अंतराने दोन मुले जन्मली आणि पहिल्याचे लग्न वृषभ, दुसऱ्याचे कर्क निघाले, असे धरू. मधल्या वेळात मिथुन लग्न येऊन गेले. दोघांचाही जन्म आर्द्रा नक्षत्रावर, म्हणजे दोघांची चंद्रराशी मिथुन. नाव ठेवताना, स्थळांची पत्रिका जुळवताना किंवा वर्तमानपत्रातले राशिभविष्य वाचताना ही दोन माणसे एकाच राशीची म्हणून गणली जातील.

पहिल्याच्या कुंडलीत शनी दशमस्थानी, स्वतःच्या मूलत्रिकोण राशीत आहे. तो भाग्येश आणि दशमेश आहे, केंद्रात स्वगृही आहे, त्यामुळे पंचमहापुरुष योगांपैकी शश योगही होतो. दुसऱ्याच्या कुंडलीत हाच शनी, त्याच राशीत, अष्टमस्थानी आहे. तो सप्तमेश आणि अष्टमेश आहे. इथे शनी दुबळा नाही, स्वगृही आहे, पण त्याचे बळ अष्टमाच्या विषयांमागे उभे आहे. ते विषय म्हणजे अडथळे, विलंब, दीर्घ आजारपण, वारसा, गुप्त गोष्टी आणि आयुष्याची मर्यादा. अष्टमातला स्वगृहीचा शनी दीर्घायुष्य देतो असे परंपरा मानते, कारण शनी हा आयुष्याचा कारक ग्रह आहे. तेव्हा हे स्थानही सगळे काळे नाही.

आता दशा. विंशोत्तरी पद्धतीत १२० वर्षांचे चक्र नऊ ग्रहांत वाटलेले असते आणि जन्मनक्षत्रावरून सुरुवात ठरते. आर्द्रा हे राहूचे नक्षत्र आणि राहूची दशा १८ वर्षांची. पहिल्या मुलाच्या जन्मवेळी राहूची १० वर्षे उरली होती असे समजू. चार तासांत चंद्र साधारण सव्वादोन अंश पुढे जातो आणि नक्षत्र १३ अंश २० कलांचे असते, त्यामुळे दुसऱ्या मुलाची राहूची शिल्लक सुमारे ३ वर्षांनी कमी, म्हणजे ७ वर्षे निघते. त्यानंतर दोघांनाही गुरूची १६ वर्षे आणि मग शनीची १९ वर्षे. पहिल्याला शनीची महादशा वयाच्या २६व्या वर्षी लागते आणि ४५व्या वर्षी संपते. दुसऱ्याला ती २३ ते ४२ या वयात येते. नोकरी-व्यवसाय, लग्न आणि घर उभे करण्याचा काळ दोघांचाही शनीच्याच अमलाखाली जातो.

पहिल्या तीन वर्षांत शनीत शनीचीच अंतर्दशा असते. तिच्यानंतर येते शनीत बुध, २ वर्षे ८ महिने ९ दिवसांची. वृषभ लग्नाला बुध धनेश आणि पंचमेश होतो. पंचमेश बुध आणि योगकारक शनी यांचा हा काळ पराशरी ज्योतिषी त्या दशेतला चांगला टप्पा धरील, म्हणजे पद, उत्पन्न, परीक्षा, संतती यांतले काहीतरी हाती लागण्याचा. कर्क लग्नाला मात्र बुध तृतीयेश आणि व्ययेश होतो. अष्टमेश शनीच्या दशेत व्ययेश बुधाची अंतर्दशा आली, की तोच ज्योतिषी खर्च, कर्ज, प्रवासातला त्रास आणि कागदपत्रांतली अडचण सांगेल. त्याच दोन ग्रहांची, तितक्याच मुदतीची अंतर्दशा, आणि भाकिते दोन टोकांची. कर्क लग्नाच्या मुलाला दिलासा मिळेल तो याच महादशेत पुढे येणाऱ्या मंगळाच्या अंतर्दशेत, कारण कर्केला मंगळ योगकारक आहे. तो काळ जेमतेम १ वर्ष १ महिना ९ दिवसांचा.

योगकारक झाला म्हणून शनीचा मूळ स्वभाव पुसला जात नाही, आणि ही गोष्ट उत्साही ज्योतिषी बरेचदा विसरतात. शनीला आपल्यापासून तिसऱ्या, सातव्या आणि दहाव्या स्थानावर दृष्टी असते. कुंभेतून त्याच्या दृष्टी मेष, सिंह आणि वृश्चिक राशींवर पडतात. वृषभ लग्नाच्या मुलाला ही अनुक्रमे बारावी, चौथी आणि सातवी स्थाने होतात. म्हणून दशमातला हा योगकारक शनी नोकरीत चढवत असताना घरच्या सुखात आणि लग्नात उशीर किंवा कोरडेपणा आणू शकतो, असे जाणकार त्याच कुंडलीवरून सांगतात. योगकारक शनीचे फळही शनीच्याच पद्धतीने मिळते. ते उशिरा मिळते, कामाच्या ओझ्यासह मिळते, आणि टिकते. अचानक घबाड मिळवून देणारा ग्रह म्हणून त्याच्याकडे पाहिले, तर वृषभ आणि तूळ लग्नाची माणसेही निराश होतात.

शुभाशुभत्व आणि बळ या दोन गोष्टींची गल्लत ही दुसरी नेहमीची चूक. वृषभ लग्नाचा योगकारक शनी मेषेत गेला तर तो नीच राशीत आणि बाराव्या स्थानी असतो. तो शुभच राहतो, पण देण्याची ताकद त्याच्यापाशी उरत नाही. उलट कर्क लग्नाला शनी तुळेत असेल तर तो चौथ्या स्थानी उच्चीचा होतो. तो बलवान असतो, पण अष्टमेशाचा कारभार घेऊन घराच्या आणि मातेच्या स्थानी बसतो. उच्चीचा ग्रह पाहिला की आनंद मानणाऱ्याने आधी विचारायला हवे, हा ग्रह या लग्नाला कोणत्या स्थानांचा स्वामी आहे?

महाराष्ट्रात या विषयाचा सर्वांत मोठा घोळ साडेसातीवरून होतो. साडेसाती चंद्रराशीवरून मोजतात. जन्मराशीच्या मागची राशी, ती राशी आणि पुढची राशी या तिन्हींतून शनी जाईपर्यंतचा काळ म्हणजे साडेसाती. शनी एका राशीत सुमारे अडीच वर्षे असतो म्हणून ती साडेसात वर्षांची. वरच्या दोन्ही मुलांना मिथुन राशीची साडेसाती लहानपणी, साधारण २००० ते २००७ या काळात, एकदमच होऊन गेली. लग्नाचा इथे काही संबंध नाही. पण त्या काळात शनीचे भ्रमण कोणत्या अंगाने जाणवेल हे सांगताना पराशरी ज्योतिषी लग्नच विचारात घेतो. वृषभ लग्नाला तो योगकारकाचा प्रवास असतो आणि कर्क लग्नाला अष्टमेशाचा. ‘साडेसाती आहे, नोकरी बदलू नका’ असा सरसकट सल्ला देणाऱ्याने कुंडलीचे लग्न पाहिलेलेच नसते. ज्यांना स्वतःची राशी माहीत आहे पण लग्न माहीत नाही अशी माणसे आपल्याकडे पुष्कळ आहेत, आणि शनीविषयीच्या बऱ्याच घबराटीचे मूळ तिथेच आहे.

लग्न माहीत आहे असे वाटणाऱ्यांनीही ते तपासून घेणे बरे. लग्न सुमारे चार मिनिटांत एक अंश पुढे सरकते. पत्रिकेत लग्न एखाद्या राशीच्या एकोणतिसाव्या अंशात किंवा अगदी पहिल्या अंशात असेल, तर जन्मवेळेतली पाच मिनिटांची चूकही लग्न बदलते आणि शनीची दोन्ही स्थाने सरकतात. वृषभेच्या शेवटी जन्मलेल्याचा भाग्येश-दशमेश शनी मिथुनेत पाऊल टाकताच अष्टमेश-भाग्येश होतो. अयनांशाची निवडही इथे महत्त्वाची. लाहिरी आणि रामन या दोन अयनांशांत सुमारे दीड अंशाचा फरक आहे, म्हणजे सहा मिनिटांच्या जन्मवेळेइतका. लग्न राशीच्या कडेला असेल तर दोन पंचांगकर्ते दोन वेगळी लग्ने काढू शकतात आणि त्यात कोणाचीही गणिताची चूक नसते.

वयस्कर माणसांच्या पत्रिकांत आणखी एक अडचण येते. दुसऱ्या महायुद्धात १ सप्टेंबर १९४२ पासून १५ ऑक्टोबर १९४५ पर्यंत भारतात घड्याळे एक तास पुढे ठेवलेली होती. त्या काळातल्या जन्माची नोंदवलेली वेळ एक तासाने मागे घेतली नाही, तर लग्न अर्ध्या राशीने चुकते. मुंबईत भारतीय प्रमाणवेळेच्या ३९ मिनिटे मागे असलेली स्थानिक ‘मुंबई वेळ’ही स्वातंत्र्यानंतर काही वर्षे चालू होती. जुन्या टिपणात नुसती वेळ असेल आणि ती कोणत्या घड्याळाची हे लिहिलेले नसेल, तर आधी त्याचा छडा लावावा लागतो. पडताळा पाहण्याचा रूढ मार्ग असा आहे की घडून गेलेल्या ठळक घटना, जसे लग्न, आईवडिलांचा मृत्यू, नोकरीतला बदल, या दोन्ही संभाव्य लग्नांच्या दशांशी ताडून पाहाव्यात. मात्र या पद्धतीत घटनांना सोयीचा अर्थ लावण्याचा मोह मोठा असतो. म्हणून कुंडली पाहण्यापूर्वीच घटनांची यादी तारखांसह लिहून घेणारा ज्योतिषी जास्त विश्वासार्ह असतो.

नियम इतके रेखीव दिसत असले तरी ज्योतिषांमध्ये त्यांवर एकमत नाही. मेष लग्नाला शनी दशमेश आणि लाभेश होतो. व्यवहारात ही दोन्ही स्थाने हवीहवीशी, एक कर्माचे आणि दुसरे प्राप्तीचे. तरी बृहत्पाराशर होराशास्त्र मेषेला शनी पापी सांगते, कारण अकरावे स्थान त्रिषडायात मोडते आणि जोडीला त्रिकोण नाही. लाभेशाला पापी म्हणणे आजच्या अनेक ज्योतिषांना पटत नाही. ते म्हणतात, पैसा देणारा ग्रह वाईट कसा? परंपरेतला युक्तिवाद असा की अकरावे स्थान हाव वाढवते आणि मनाची शांती घेते, म्हणून लाभ होऊनही फल शुभ नाही. दुसरा मतभेद थेट वृषभ लग्नावरच आहे. स्थिर राशींच्या लग्नाला नवव्या स्थानाचा स्वामी बाधक मानावा असा एक नियम आहे, आणि वृषभेला नववे स्थान शनीचेच. त्यामुळे ज्याला एक पक्ष योगकारक म्हणतो त्यालाच दुसरा बाधकेश म्हणतो. महाराष्ट्रात मोठा वर्ग असलेल्या कृष्णमूर्ती पद्धतीत तर ग्रह कोणत्या नक्षत्रात आणि उपनक्षत्रात आहे याला अधिक वजन असते, आणि लग्नपरत्वे शुभाशुभांची ही यादी तिथे दुय्यम ठरते.

परंपरेचे आतले तर्कशास्त्र किती सुसंगत आहे हा एक प्रश्न, आणि ते प्रत्यक्ष आयुष्याशी जुळते का हा दुसरा. दुसऱ्या प्रश्नाचा एक जाहीर प्रयोग पुण्यात २००८ साली झाला. खगोलशास्त्रज्ञ जयंत नारळीकर आणि अंधश्रद्धा निर्मूलन चळवळीतले नरेंद्र दाभोलकर यांचा त्यात सहभाग होता. हुशार मुले आणि बौद्धिक अपंगत्व असलेली मुले अशा दोन गटांतल्या एकूण २०० मुलांच्या कुंडल्या तयार करण्यात आल्या. सहभागी ज्योतिषांना प्रत्येकी ४० कुंडल्या देऊन कोणते मूल कोणत्या गटातले ते ओळखायला सांगितले. उत्तरे पाठवणाऱ्या २७ ज्योतिषांच्या बरोबर उत्तरांची सरासरी ४६ टक्के भरली. नाणे उडवून उत्तरे दिली असती तरी निम्मी बरोबर आली असती. कुंडलीवरून माणसाविषयी ठाम विधाने करता येतात, या दाव्याला या प्रयोगातून आधार मिळाला नाही.

या प्रयोगाने शनीचा लग्नपरत्वे गुण वेगळा तपासलेला नाही. तो तपासायचा तर वृषभ, तूळ, कर्क आणि सिंह लग्नाची, मिनिटापर्यंत खात्रीलायक जन्मवेळ असलेली माणसे मोठ्या संख्येने निवडावी लागतील. शनीची महादशा होऊन गेलेल्या वर्षांतल्या त्यांच्या नोकरी, आजार आणि विवाहाच्या नोंदी तारखांसह मिळवाव्या लागतील. आणि त्या नोंदी चांगल्या की वाईट हे अशा माणसाकडून ठरवून घ्यावे लागेल, ज्याला कोणाचे लग्न कोणते हे ठाऊक नसेल.